लॅपटॉपमध्ये घुमवा नाशिक ढोल!

माहीत आहे का? केरळमधल्या लग्नाच्या वरातीत जो दणदणाट चालतो, त्यातल्या एका लाडक्या प्रकाराला तिथले लोक चक्क 'नासिक डोल' म्हणतात! गोदाकाठचं नाव थेट नारळाच्या बागांत जाऊन पोहोचलंय.

आणि आता हा फिरस्ता ढोल लॅपटॉपमध्येही मुक्कामाला आलाय. डीजे, ऑक्टापॅडवाले, की-बोर्डवाले 'नाशिक ढोल' नावाच्या लूपच्या फायली एकमेकांना देतात-घेतात. पण तयार लूपला मर्यादा आहेत. लय त्याची, ठेका त्याचा, आणि तोच लूप शेजारच्या मंडळाच्या गाण्यातही. आपला स्वतःचा ठेका हवा असेल तर मिडी एडिटर उघडायचा, सोळा घरांची पट्टी घ्यायची आणि एकेक ठोका मांडायचा. मांडून झाला की प्ले दाबायचं. आणि बहुतेक वेळा ऐकू काय येतं? टिकटिक! ढोल आहे, ताशा आहे, पण वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक काही दिसत नाही.

कुठे अडतं हे? चला, एक ठेका रिकाम्या पट्टीपासून बांधू या. थाप मारायचीच आहे, तर ती खोटी वाटता कामा नये!

क्विका आहे, ढोल नाही!

माहीत आहे का? १९९१ साली की-बोर्डवाल्या कंपन्यांनी 'जनरल मिडी' नावाचा एक सामाईक नियम स्वीकारला. कुठल्या क्रमांकाला कुठलं तालवाद्य वाजणार, हे त्यात ठरलं. ३५ ते ८१ असे ४७ आवाज. त्यात ब्राझीलची क्विका आहे, गाईच्या गळ्यातली घंटा आहे, शिट्टीसुद्धा आहे! ढोल मात्र नाही. ताशा नाही. तबलाही नाही.

म्हणून ढोल वाजवायचा तर सॅम्पलर लागतो, म्हणजे खऱ्या ढोलाचे रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणारं सॉफ्टवेअर. आणि त्यात कुठला ठोका कुठल्या पट्टीवर बसवायचा, हे ज्याचं तो ठरवतो. पहिलं काम हेच: एकेक पट्टी दाबून टिपरूचा ठोका कुठे आहे, हाताची थाप कुठे आहे, ते कागदावर लिहून घ्यायचं.

इथे एक मजेदार सापळा आहे. मिडीमधल्या ३६ क्रमांकाच्या स्वराला काही सॉफ्टवेअर C1 म्हणतात आणि काही C2. तुम्ही C1 वर मांडलेला ढोल मित्राच्या लॅपटॉपवर मुका झाला, तर फाइल बिघडलेली नसते. बहुधा सगळे ठोके एक सप्तक वर किंवा खाली सरकवले की ढोल बोलू लागतो.

१२७ पायऱ्यांचा जिना

माहीत आहे का? मिडी जगासमोर आलं जानेवारी १९८३ मध्ये. अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले गेले आणि एकावर बोट ठेवताच दुसरा वाजला! या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

त्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक ठोक्यासोबत एक आकडा प्रवास करतो: व्हेलॉसिटी, म्हणजे ठोका किती जोरात पडला. १ म्हणजे जेमतेम स्पर्श, १२७ म्हणजे जीव खाऊन. आणि शून्य? शून्य व्हेलॉसिटीचा ठोका म्हणजे मिडीच्या भाषेत 'आवाज बंद कर' अशी आज्ञा! (२०२० साली आलेल्या मिडी २.० मध्ये हा जिना ६५,५३६ पायऱ्यांचा झालाय. ढोलाला तूर्त १२७ पुरे.)

आता खरी गंमत ऐका. व्हेलॉसिटी म्हणजे नुसता आवाजाचा लहानमोठेपणा नाही. चांगल्या सॅम्पलरमध्ये एकाच ढोलाचे हळू, मध्यम, जोरकस असे वेगवेगळे ठोके रेकॉर्ड केलेले असतात, आणि व्हेलॉसिटी बघून सॅम्पलर त्यातला एक निवडतो. जोरात मारलेल्या पानाचा आवाज मोठा तर असतोच, शिवाय तो वेगळाही असतो: टिपरूचा कडाका वर येतो, पान ताणलं जातं. म्हणून सगळे ठोके १२७ वर ठेवून नंतर आवाज कमी केला, तर काय होतं? दूरवर कोणीतरी चिडून बडवतंय, असं वाटतं!

सॅम्पलर नवा असेल तर एक चाचणी जरूर करा. सोळा ठोके मांडा आणि व्हेलॉसिटी ७ पासून १२७ पर्यंत ८-८ ने चढवा. ऐकताना कुठे एकदम उडी जाणवली, तर तिथे दोन रेकॉर्डिंगची सीमा आहे. समजा ती ६४ ला आहे. मग तुमचे हलके ठोके ६२, ६५, ६३, ६६ असे सीमेवर नाचवू नका. आवाजाचा रंग प्रत्येक ठोक्याला बदलेल आणि दोन वादक भांडतायत असं वाटेल.

मुंबईचा ८०८

माहीत आहे का? मुंबईतल्या स्टुडिओंमधले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. त्यात राग होते आणि ठेक्याला होतं रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. या मशीनमध्ये प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा ठरवायची सोयच नव्हती! एक 'अ‍ॅक्सेंट' असायचा, आणि तो लावला की त्या घरातले सगळेच आवाज एकत्र वर उचलले जायचे.

तिथे तो यांत्रिक ठेकाच संगीताची ओळख होता, आणि तो शोभलाही. ढोल-ताशाला मात्र तो चालत नाही. का, ते ताशा सांगेल.

१२५ ही जादूची लय

ठेका बांधायला लय घेऊ या १२५, म्हणजे मिनिटाला १२५ मात्रा. का? माहीत आहे का, बऱ्याच एडिटरमध्ये एका मात्रेचे ४८० तुकडे केलेले असतात. त्यांना म्हणतात टिक. १२५ च्या लयीत एक मात्रा बरोबर ४८० मिलिसेकंदांची. म्हणजे एक टिक बरोबर एक मिलिसेकंद! ठोकताळा लावायला याहून सोपी लय नाही. सोळा घरांतलं प्रत्येक घर १२० टिकचं.

(तुमच्या एडिटरमध्ये मात्रेचे ९६० तुकडे असतील तर टिक अर्ध्या मिलिसेकंदाचा. १९८८ च्या गाजलेल्या एमपीसी-६० यंत्रात ९६च तुकडे होते, म्हणजे याच लयीत एक टिक ५ मिलिसेकंदांचा. त्याहून बारीक सरकणं त्याला शक्यच नव्हतं.)

ताशा: सोळा घरं, पाचच मालक

आता ताशा. मिरवणुकीत दोन बारीक काड्या अखंड चालू असतात, पण आपल्या लक्षात राहतात ते मोजके कडक ठोके. बाकीचे कुजबुजतात. या कुजबुजीलाच ड्रम वाजवणारे 'घोस्ट नोट्स' म्हणतात. भूतच ते! दिसत नाही, पण घरात वावर मात्र जाणवतो.

आपल्या नमुन्यात सोळाही घरांत ठोके आहेत. कडक ठोके पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या घरात. प्रत्येक घराची व्हेलॉसिटी अशी:

```
116  34  46 104
 42  31 110  36
 48  33 112  35
108  38  58  72
```

जरा निरखून पाहा. कडक ठोके १०४ ते ११६ मध्ये आहेत आणि भुतं ३१ ते ४८ मध्ये. मधला पट्टा जवळपास रिकामा! नवख्याची चूक इथेच होते. तो भुतांना ७०-८० वर ठेवतो, आणि मग सोळाच्या सोळा ठोके पुढे येऊन पिठाच्या गिरणीसारखे एकसुरी फिरू लागतात. वर-खालचं अंतर जितकं मोठं, तितका ठेका उडी घेतो.

शेवटच्या दोन घरांत ५८ आणि ७२ का? कारण तिथे वादक पुढच्या समेकडे चढतोय. ही चढण काढून टाकली तर लूप दर खेपेला संपून पुन्हा सुरू होतो, आणि कानाला तो सांधा लागतो.

आणखी एक बारकावा. चौथ्या घरातला कडक ठोका १०४ वरच का थांबला? हात मोजा. उजवा, डावा, उजवा, डावा असं वाजवत गेलं तर विषम घरं उजव्या हाताची आणि सम घरं डाव्याची. पाच कडक ठोक्यांपैकी चौथ्या घराचाच तेवढा डाव्या हातात येतो, म्हणून तो किंचित नरम. दुसरं, सहावं, आठवं, दहावं या घरांतली भुतंही शेजारच्या विषम घरांतल्या भुतांपेक्षा हलकी आहेत. कोण कुठल्या हाताने वाजवतंय हे डोळ्यांपुढे ठेवून आकडे भरले, की रँडम बटणाची निम्मी गरज तिथेच संपते.

भुतं बरोबर बसली की नाही, हे कसं कळणार? आवाज अगदी कमी करा, शेजारच्या खोलीत ऐकू येईल इतकाच. कडक ठोके तेवढे ऐकू आले पाहिजेत. मग आवाज पुन्हा वाढवा आणि भुतं म्यूट करा. ठेका एकदम लंगडा झाला तर भुतं कामाला आहेत. काहीच फरक पडला नाही तर ती फारच दबली आहेत. आणि कमी आवाजातही ती मोजता येत असतील, तर ती भुतं राहिलेली नाहीत, चांगली हट्टीकट्टी माणसं झाली आहेत!

माहीत आहे का? जगात सर्वाधिक उसनं घेतलेल्या ड्रमठेक्यांपैकी एक, जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला, क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये वाजवला. त्याच्या स्नेअरवरच्या हलक्या ठोक्यांवर पुढे हिप-हॉपची पिढीच्या पिढी नाचली. कडक ठोके सगळ्यांनाच वाजवता येतात. मधली कुजबुज त्याची स्वतःची होती.

हजार ठोके, एक मिनिट

आता तर्री! ताशाची ती अंगावर काटा आणणारी सलग थरथर. आपल्या नमुन्यात चौथ्या आणि आठव्या आवर्तनाच्या शेवटच्या मात्रेत ती घालू. म्हणजे तेराव्या घरापासून दर ६० टिकला एक असे आठ ठोके. व्हेलॉसिटी ४४, ४०, ५६, ५२, ७४, ६८, ९६, ९० आणि मग सम ११८ वर. चढतेय, पण दातेरी: दर उजव्यानंतर डावा जरा मागे.

माहीत आहे का, हा वेग किती झाला? दर ६० मिलिसेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला बरोबर १००० ठोके! आणि नुसत्या एकेक हाताने आळीपाळीने मारायच्या स्पर्धेतला टॉम ग्रॉसेटचा २०१३ चा विक्रम आहे ६० सेकंदांत १,२०८. ताशावाला काडीची उसळी वापरतो, एका झटक्यात दोन ठोके काढतो, म्हणून त्याला तर्री जमते. पण एडिटरमध्ये ३० टिकवर एक असे सगळेच ठोके तितक्याच जोरात भरलेत, तर मिनिटाला २००० झाले. तिथे हात संपतो आणि यंत्र सुरू होतं. एवढी दाट तर्री हवीच असेल तर दर दुसऱ्या ठोक्याची व्हेलॉसिटी निम्म्याच्या आसपास ठेवा, म्हणजे तो उसळीचा वाटेल. किंवा सरळ खऱ्या तर्रीचं रेकॉर्डिंगच एका पट्टीवर बसवा. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला.

सहा ढोल, सहा स्वभाव

ढोलाचा नमुना मुद्दाम सोपा ठेवू. टिपरूचे ठोके पहिल्या, सातव्या आणि तेराव्या घरात: ११८, ९८, १०८. हाताची थाप चौथ्या आणि अकराव्या घरात: ७० आणि ७४. पंधराव्या घरात एक भूत, ३८ चं.

हा झाला एक ढोल. पण नाशिकच्या मेन रोडवरून एकच ढोल चालला, असं कधी होतं का? पथक म्हणजे रांगा! तेव्हा एका ढोलाच्या सहा पट्ट्या करू. आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो.

तोच सॅम्पल सहा वेळा एकाच क्षणी वाजवला तर सहा ढोल होत नाहीत. एकच ढोल होतो, फक्त मोठा. म्हणून माणूस काय करतो? एक कॉपी जराशी सरकवतो. समजा ५ मिलिसेकंद. आणि ढोल चक्क बारीक होतो! का? माहीत आहे का, सेकंदाला १०० कंपनं असलेल्या आवाजाची एक लाट १० मिलिसेकंदांची असते. ५ मिलिसेकंद म्हणजे अर्धी लाट. एका ढोलाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची नेमकी खाली, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. घुमाराच गायब! कान पटकन ओळखतो. आवाज पोकळ होतो, नळकांड्यातून आल्यासारखा.

उपाय असा: सहाही पट्ट्यांना वेगवेगळे रेकॉर्ड केलेले ठोके द्यायचे. सॅम्पलरमध्ये 'राउंड रॉबिन' असेल तर तो पाळीपाळीने ठोके बदलतोच. नसेल तर निदान प्रत्येक ढोलाचा स्वर थोडा वर-खाली करा, २०-३० सेंटने. एका स्वरापासून लगतच्या अर्ध्या स्वरापर्यंत १०० सेंट असतात, म्हणजे हा फरक अर्ध्या स्वराच्याही पाव भागाच्या आसपास. खऱ्या पथकात तरी सगळे ढोल कुठे एकाच ताणाचे असतात? भाद्रपदातल्या दमट हवेत चामड्याचं पान सैलावतं आणि शेजारच्या फायबरच्या पानाला त्याचं काहीच वाटत नाही.

आता सरकवायचं किती? उत्तर रस्त्यावर आहे!

माहीत आहे का? आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. ताशेवाले पुढे आहेत, तुम्ही रविवार कारंज्यापाशी त्यांच्या समोर उभे आहात, आणि ढोलांची शेवटची रांग त्यांच्या १० मीटर मागे आहे. सगळ्यांनी अगदी एकाच क्षणी टिपरू मारलं, तरी शेवटच्या रांगेचा ठोका तुमच्या कानावर सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा येणार! शिवाय मागच्या रांगेला ताशाचा इशाराही तितकाच उशिरा पोहोचतो. पथकाचा तो जाड, रुंद, छातीत उतरणारा ठोका असा पसरूनच तयार होतो.

म्हणून सहा ढोलांना कायमचा उशीर देऊ: ४, ८, ११, १५, १९ आणि २४ टिक. ताशा ग्रिडवरच राहू द्या, तो म्होरक्या आहे. साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत सहाही ठोके मिळून एक दणका वाटतात. ४०-५० च्या पुढे गेलात की 'धूम'चं 'धडधड' होतं, पिंप गडगडत गेल्यासारखं. तोच इशारा समजा आणि मागे या.

जोरही वेगळा हवा. पहिल्या ढोलाचा समेचा ठोका ११८, तर बाकीच्यांचे १०४ ते ११५ मध्ये कुठेही. आणि पंधराव्या घरातलं ते ३८ चं भूत? सहापैकी दोन ढोलांतून पुसून टाका. प्रत्येक जण प्रत्येक भूत वाजवतोच असं नाही.

'ह्युमनाइझ' बटणाची पोलखोल

जवळपास प्रत्येक एडिटरमध्ये हे बटण असतं. दाबलं की प्रत्येक ठोका थोडा मागे-पुढे. झालं माणसासारखं? नाही!

माहीत आहे का? जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांच्या तालातल्या चुका मोजल्या. त्यात घानाच्या एका व्यावसायिक ढोलवादकाचं वादनही होतं. आढळलं असं, की माणसाच्या चुका एकमेकींना धरून असतात. आत्ताचा ठोका किंचित मागे पडला तर पुढचेही काही मागे रेंगाळतात, मग हळूहळू पुढे सरकतात. श्रोत्यांना ऐकवलं तेव्हाही अशा नातं असलेल्या चुका जास्त आवडल्या, सुट्या-सुट्या रँडम चुका कमी.

२०१५ मध्ये अशीच तपासणी एका गाजलेल्या गाण्याची झाली: मायकल मॅकडॉनल्डचं १९८२ चं 'आय कीप फर्गेटिन'. त्यावर जेफ पोर्कारोने वाजवलेल्या हाय-हॅटचा एकेक ठोका मोजला, तर वेळेतही आणि जोरातही तसंच लांबवर चालणारं नातं सापडलं. अव्वल वादकाचा हातही ग्रिडवर चिकटलेला नव्हता, पण भरकटलेलाही नव्हता.

आता हेच आपल्या ढोल क्रमांक तीनला लावू. त्याचा कायमचा उशीर ११ टिक. बटण दाबलं तर त्याचे लागोपाठ ठोके पडतील असे: ११, ३, १९, ६, १७. हा वादक लडखडतोय. हाताने मांडायचं ते असं: ११, १३, १४, १२, १०, ९, ११. कुठलाही ठोका आधीच्या ठोक्यापासून दोनेक टिकच्या पलीकडे उडी घेत नाही. मधला आकडा तोच, पसाराही माणसाचाच, पण चाल एका माणसाची. सहा ढोलांना सहा वेगळ्या लाटा द्या. सगळ्यांना एकच लाट दिली तर सहाही जण एकाच दोरीने बांधल्यासारखे वाटतील.

बटण वापरूच नये का? वापरा, पण सगळ्यात शेवटी आणि अगदी बारीक: दोन-तीन टिक वेळेत, पाच-सहा आकडे व्हेलॉसिटीत. जोर आणि स्वभाव हाताने बसवलेला असेल तर बटण त्यावर थोडी धूळ टाकतं. नसेल तर नुसतीच धूळ उरते.

ताशाला मात्र इतकीही सूट नको. त्याचे कडक ठोके ग्रिडच्या तीन टिक इकडे-तिकडे, बस. त्याची भुतं हवी तर पाच-सात टिक मागे. म्होरक्याच डळमळला तर ढोलाचा उशीर उशीर वाटतच नाही, सगळाच चिखल होतो.

झुलवायचं किती?

माहीत आहे का? सोळा घरांच्या पट्टीला झोका देणारं 'स्विंग' हे फीचर ड्रम मशीनमध्ये आणलं रॉजर लिनने, १९८० च्या आपल्या एलएम-१ मध्ये. कल्पना साधी: दर दोन घरांच्या जोडीतलं दुसरं घर थोडं उशिरा. ५० टक्के म्हणजे अगदी सरळ. ६६ टक्के म्हणजे जवळपास तिस्र चाल.

आपल्या १२५ च्या लयीत जोडी २४० टिकची. ५४ टक्के स्विंग म्हणजे दुसरा ठोका साधारण १० टिक मागे, ५८ टक्के म्हणजे १९ टिक. ताशाच्या या नमुन्याला ५४ छान बसतं: चाल येते, पण नखरा होत नाही. ६२ च्या पुढे गेलात की मिरवणूक थेट जॅझ क्लबात शिरते! आणि लक्षात घ्या, स्विंग आधी लावा, ढोलांचा उशीर नंतर. उलट केलं तर काही एडिटर ठोके पुन्हा ग्रिडवर ओढून नेतात आणि बसवलेले सहाही स्वभाव एका क्लिकमध्ये सपाट.

आठ पॅड, आवाज शून्य

माहीत आहे का? ऑर्केस्ट्रात ज्याच्याशिवाय पान हलत नाही त्या ऑक्टापॅडचं पहिलं मॉडेल, १९८५ चं रोलँड पॅड-८, स्वतः एकही आवाज काढू शकत नव्हतं! त्याचं काम एकच: कुठल्या पॅडवर किती जोरात काडी पडली, हे मिडीतून दुसऱ्या यंत्राला सांगणं.

आपल्यासाठी नेमकं हेच सोनं आहे. घरी किंवा ओळखीत कुठलाही ऑक्टापॅड असेल तर तो लॅपटॉपला जोडा आणि ताशाचे ठोके माउसने भरण्याऐवजी वाजवून रेकॉर्ड करा. डाव्या-उजव्याचा फरक, समेकडची चढण, भुतांची कुजबुज आपोआप येते. मग पूर्ण क्वांटाइझ करू नका, ५०-६० टक्के ताकदीचं करा. म्हणजे १० टिक मागे पडलेला ठोका ४-५ टिकवर येतो. चूक आवरते, चाल उरते.

आणि जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीतून पाठवत असाल तर आणखी एक गंमत. त्या वायरीतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एक ठोका पाठवायला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो. आठ ठोके 'एकाच वेळी' पाठवलेत तरी ते एकामागून एक, सात-आठ मिलिसेकंदांत पसरून पोहोचतात!

पहिला ठोका गेला कुठे?

सगळं जमलं, लूप लावला, आणि समेचा दणकाच गायब. ओळखीचं वाटतंय? घाबरू नका. ताशाचा पहिला ठोका तुम्ही तीन टिक आधी सरकवला असणार. तो आता पहिल्या आवर्तनाच्या आधीच्या जागेत गेला, आणि लूप तर पहिल्या घरापासून सुरू होतो. ठोका दाराबाहेर राहिला!

ओळखायची खूण: पूर्ण गाणं सुरुवातीपासून वाजवलं तर ठोका ऐकू येतो, लूपवर टाकलं की नाही. इलाज सोपा. लूपचा पहिला ठोका शून्यावर किंवा मागेच ठेवा, आधी कधीच नाही. किंवा सगळा ठेका दुसऱ्या आवर्तनापासून मांडा, आठ आवर्तनं पूर्ण वाजवून ऑडिओ काढा आणि कापताना सुरुवात पाच टिक आधी धरा.

आठच आवर्तनं का? एकाच आवर्तनाचा लूप कितीही माणसाळवला तरी तोच 'माणूस' दर दोन सेकंदांनी हुबेहूब परत येतो, आणि कान ते लगेच पकडतो. आठ आवर्तनांत दोन तर्री, वेगवेगळ्या लाटा आणि अधूनमधून पुसलेली भुतं मावतात. लयही थोडी वाढू द्या: पहिल्या आवर्तनाला १२४, आठव्याला १२६. टिकचा हिशेब यात जेमतेम हलतो, पण पथक चढत चाललंय असं वाटतं. फक्त अशी चढती लय लूपवर टाकू नका, दर आठ आवर्तनांनी ती धपकन खाली येईल. चढती लय सलग गाण्यासाठी, लूपसाठी १२५ स्थिर.

फोनवर ढोल दिसेना!

शेवटची चाचणी फोनच्या स्पीकरवर, कारण बहुतेक लोक ऐकणार तिथेच. इवल्याशा स्पीकरला खालचे स्वर पेलत नाहीत. ढोलाचा घुमारा विरतो आणि ताशा एकटाच कडकडत राहतो. इथे हात शिवशिवतात आणि ढोलाची व्हेलॉसिटी सरसकट १२७ वर जाते. तसं करू नका! सहाही स्वभाव एका फटक्यात पुसले जातील, आणि घुमारा तरीही येणार नाही. त्याऐवजी ढोलाच्या आवाजातला टिपरूचा 'टक' वर आणा: इक्वलायझरमध्ये दोन ते तीन हजार हर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने उचला, तोही सहापैकी पहिल्या दोन ढोलांवरच. फोनवर टक ऐकू येतो आणि घुमारा कान स्वतः जोडून घेतो. मोठ्या स्पीकरवर मागचे चार ढोल होते तसेच मऊ राहतात.